घरी येतं, पेपरात येत नाही

दहावीच्या मुलांशी आणि त्यांच्या पालकांशी एकाच सभागृहात बोलायचं असलं की मी सुरुवातीला दोघांना वेगवेगळे प्रश्न देते. नाव न लिहिता चिठ्ठीवर उत्तर लिहायचं. मुलांनी लिहायचं, की घरातलं कोणतं वाक्य ऐकलं की पोटात गोळा येतो. पालकांनी लिहायचं, की मुलांना धीर देण्यासाठी तुम्ही काय म्हणता. मग दोन्हीकडच्या चिठ्ठ्या मी मोठ्याने वाचते. जवळपास प्रत्येक वेळी एक वाक्य दोन्ही गठ्ठ्यांत निघतं : ‘तू फक्त अभ्यास कर, बाकी आम्ही बघतो.’ आईबाबांना ती माया वाटते. मुलाला त्यात हिशेब ऐकू येतो, की हे सगळं माझ्यासाठी चाललंय आणि ते मला मार्कांनी फेडायचंय.

जानेवारीतल्या अशाच एका सभेत एक मुलगी उठून म्हणाली, “मॅडम, घरी सगळं येतं. पूर्वपरीक्षेला बीजगणिताचा पेपर हातात आला आणि डोकं कोरं झालं.” शेजारून आई म्हणाली, “सराव कमी पडतो हिचा. दुसरं काय?”

मी मुलीला विचारलं, सराव कसा करतेस? गाइडमधलं सोडवलेलं उदाहरण वाचायचं, समजलं की पुढचं. असं तीनदा. इथेच पहिली फसगत होते. उत्तर समोर असताना पायरी ओळखीची वाटते आणि ती ओळख म्हणजेच ‘येतं’ असं आपण धरून चालतो. पेपरात मात्र ओळखायचं नसतं, आठवायचं असतं. म्हणून उदाहरण एकदा समजून घेतल्यावर पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर सोडवायचं, अडलं तरी दोन-तीन मिनिटं झटायचं आणि मगच पुस्तक उघडायचं. दोन दिवसांनी तेच उदाहरण पुन्हा, पुस्तक मिटूनच. या पद्धतीत सुरुवातीला आपल्याला काहीच येत नाही असं वाटतं आणि मुलं ती तिथेच सोडून देतात. खरं तर आठवताना होणारी ती ओढाताणच स्मरण पक्कं करते.

दुसरं कारण भीतीचं. गणित सोडवताना आकडे, सूत्र, पुढची पायरी हे मनातल्या एका लहानशा पाटीवर धरून ठेवावं लागतं. तिच्यावर एका वेळी चार-पाच गोष्टींहून जास्त मावत नाहीत. ‘हा पेपर गेला तर बाबांना काय सांगू?’ हा विचार आला की तोही त्याच पाटीवर जागा अडवतो. शिकलेलं पुसलं जात नाही, पण ते मांडायला जागा उरत नाही. म्हणून पेपर देऊन बाहेर पडल्यावर दहा मिनिटांत सगळं आठवतं. बाहेर आल्यावर आठवलं, तर गोंधळ भीतीचा होता. घरी पुस्तक मिटूनही आठवलं नाही, तर तयारी कच्ची होती. या मुलीच्या बाबतीत थोडं दोन्ही होतं.

भीतीसाठी मी सभागृहातच सगळ्यांकडून एक गोष्ट करून घेतली, पालकांकडूनही. पेन खाली ठेवायचं, दोन्ही पाय जमिनीला टेकवायचे. श्वास नेहमीसारखा घ्यायचा, पण सोडताना घेतल्याच्या दुप्पट वेळ लावायचा. असं सहा वेळा. मग खात्रीने येणारा प्रश्न आधी घ्यायचा. बीजगणिताचा पेपर दोन तासांचा असतो, त्यातलं याला एक मिनिट लागतं. मात्र हे आधी घरी वेळ लावून पेपर सोडवताना पाच-सहा वेळा केलेलं असेल, तरच परीक्षेत सुचतं.

आईला मी एवढंच विचारलं, की पेपर सुटल्यावर फाटकाशी तुम्ही पहिलं काय बोलता? “किती सुटला ते विचारते.” मग तिथेच प्रश्नपत्रिका उघडते, चुका मोजल्या जातात आणि पुढच्या पेपराच्या पाटीवर आजच्या चुका जाऊन बसतात. ते मोजणं शेवटचा पेपर होईपर्यंत थांबवा, असं मी त्यांना सांगितलं.

मागच्या ओळीतल्या एका वडिलांनी हळू आवाजात विचारलं, “मुलगा पंधरा-वीस दिवस नीट जेवत नाही, खेळायला जात नाही. मी नसतो तर बरं झालं असतं, म्हणाला. हे परीक्षेचंच का?” याला परीक्षेचा ताण समजून वाट पाहायची नाही. जीव द्यावासा वाटतो का, असं त्याला सरळ विचारायचं. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर एकटं सोडायचं नाही आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे त्याच दिवशी न्यायचं. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालतो, मराठीतही बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

त्यांनी तो क्रमांक त्यांच्या चिठ्ठीच्या मागे लिहून घेतला. ती मुलगी आणि तिची आई जाताना भेटल्या. “मी पुस्तक धरून बसते, ही कोऱ्या कागदावर सोडवेल,” आई म्हणाली. मुलगी म्हणाली, “पण अडले तर लगेच सांगायचं नाही हं, आई.”