तीन वर्षं, सहा की नऊ?

पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर एका कापड कंपनीने दुकान भाड्याने घेतलं आहे, असं समजू. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली आहे. करार नऊ वर्षांचा. भाडं महिना २ लाख, म्हणजे वर्षाला २४ लाख, आणि दर तीन वर्षांनी १५ टक्के वाढ. पहिली तीन वर्षं लॉक-इन. त्यानंतर तिसऱ्या आणि सहाव्या वर्षाच्या शेवटी भाडेकरूला हवं तर दुकान सोडता येईल. मालकाला मात्र नऊ वर्षं त्याला बाहेर काढता येणार नाही. अनामत १२ लाख, बिनव्याजी. मोठ्या रस्त्यांवरच्या दुकानांचे करार साधारण याच घडणीचे असतात.

पूर्वी अशा दुकानाचा हिशेब सोपा होता. भाडं दिलं की ते नफा-तोटा पत्रकात खर्च म्हणून लिहायचं. पुढची काही वर्षं भाडं देण्याची जबाबदारी कंपनीच्या डोक्यावर असायची, पण ताळेबंदात तिचा मागमूस नसे. ती मागच्या पानांवरच्या टिपांमध्ये असे. शंभर दुकानं भाड्याने चालवणारी कंपनी आणि कर्ज काढून शंभर दुकानं विकत घेणारी कंपनी, यांतली पहिली कागदावर जवळपास कर्जमुक्त दिसायची. १ एप्रिल २०१९ पासून भारतात लागू झालेल्या ‘इंड एएस ११६’ या लेखामानकाने हे बदललं. आता कराराच्या सुरुवातीलाच दोन गोष्टी ताळेबंदात येतात. पुढे द्यायच्या भाड्याचं आजचं मूल्य हे भाडेपट्ट्याचं दायित्व, आणि त्या बदल्यात मिळालेला जागा वापरण्याचा हक्क ही मालमत्ता. हिशेबनीस तिला ‘राइट-ऑफ-यूज’ म्हणतात. आपण वापरहक्क म्हणू.

हा नियम प्रत्येक दुकानदाराला नाही. मुख्य शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या, २५० कोटी किंवा त्याहून जास्त नक्त मूल्याच्या कंपन्या आणि त्यांच्या समूहातल्या कंपन्या यांनाच तो लागू होतो. कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार भाडं पूर्वीसारखंच खर्चात टाकतो आणि त्यात काही चूक नाही.

आता दायित्व किती लिहायचं? त्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो, आणि माझ्या मते या सगळ्या मानकात तोच सर्वांत महत्त्वाचा आहे: भाडेपट्ट्याची मुदत किती? करारावर नऊ वर्षं लिहिलं आहे म्हणून ती नऊ होत नाही आणि लॉक-इन तीन वर्षांचं आहे म्हणून तीनही होत नाही. मानक सांगतं की जी वर्षं भाडेकरूला सोडताच येत नाहीत ती धरा. आणि पुढची वर्षं, भाडेकरू दुकान सोडणार नाही याची वाजवी खात्री असेल तरच त्यात मिळवा. ही खात्री इच्छेवर ठरत नाही, आर्थिक परिस्थितीवर ठरते. आपल्या कंपनीने दुकानाच्या सजावटीवर ६० लाख खर्च केले आहेत. हे फर्निचर, दिवे, ट्रायल रूम उचलून दुसरीकडे नेता येत नाहीत. तीन वर्षांत दुकान सोडलं तर त्यातला निम्मा पैसा पाण्यात जाईल. म्हणून तिसऱ्या वर्षी कंपनी निघणार नाही, ही खात्री वाजवी आहे. सहाव्या वर्षी मात्र सजावट जुनी झालेली असेल. तोवर विक्री कशी राहील, ग्राहक कुठल्या मॉलकडे वळलेला असेल, हे आज कुणी सांगू शकत नाही. मुदत सहा वर्षं.

पुढची पायरी व्याजाच्या दराची. घरमालकाने मनात कुठला दर धरून भाडं ठरवलं हे भाडेकरूला बहुधा कळत नाही. म्हणून तेवढ्याच मुदतीसाठी, तशाच तारणावर, तेवढी रक्कम कर्जाऊ घ्यायची झाली तर आपल्याला किती टक्के पडेल, तो दर वापरतात. इथे तो १० टक्के धरू. प्रत्यक्षात हिशेब महिन्यावार करतात; समजायला सोपं जावं म्हणून मी भाडं वर्षाच्या शेवटी एकदम दिलं असं मानतो.

पहिली तीन वर्षं २४ लाख आणि पुढची तीन वर्षं २७.६ लाख, मिळून १५४.८ लाख द्यायचे आहेत. १० टक्क्यांनी मागे आणल्यावर त्यांचं आजचं मूल्य १११.२५ लाख येतं. हे दायित्व. १५ टक्क्यांची वाढ करारातच ठरलेली आहे, म्हणून ती आत्ताच धरली. मॉलमध्ये असतं तसं ‘विक्रीच्या अमुक टक्के’ भाडं असतं, तर ते दायित्वात आलं नसतं. विक्री होईल तसा त्याचा खर्च लिहिला असता. वस्तू आणि सेवा करही यात धरत नाहीत. देखभालीचे पैसे ही वेगळी सेवा आहे. ते सहसा बाजूला काढतात.

वापरहक्काची किंमत दायित्वाएवढीच नसते. दलाली आणि मुद्रांक शुल्क मिळून ३.५२ लाख लागले, ते तिच्यात मिळवायचे, कारण हा करार झाला नसता तर तो खर्चही झाला नसता. राहिली अनामत. सहा वर्षांनी परत मिळणारे बिनव्याजी १२ लाख याच दराने आज ६.७७ लाखांचेच ठरतात. उरलेले ५.२३ लाख म्हणजे घरमालकाला दिलेलं छुपं आगाऊ भाडंच. तेही वापरहक्कात जातात. १११.२५, ३.५२ आणि ५.२३ मिळून १२० लाख. सुरुवातीची नोंद अशी: वापरहक्क १२० लाख नावे, अनामत ६.७७ लाख नावे. भाडेपट्टा दायित्व १११.२५ लाख जमा, बँक १५.५२ लाख जमा. दोन्ही बाजू १२६.७७.

इथून पुढे दोन्ही आकडे वेगवेगळ्या चालीने खाली येतात. वापरहक्कावर सहा वर्षं समान घसारा, वर्षाला २० लाख. दायित्व मात्र घरकर्जाच्या हप्त्यासारखं उतरतं: आधी व्याज जास्त, मुद्दल कमी. पहिल्या वर्षी व्याज ११.१३ लाख, भाडं २४ लाख, म्हणजे मुद्दल १२.८७ लाखांनी कमी होऊन दायित्व ९८.३८ लाख उरतं. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी ते ६८.६४ लाख असतं आणि सहाव्या वर्षी, शेवटचं २.५१ लाख व्याज धरून २७.६ लाख दिले की शून्य.

याचा परिणाम नफ्यावर दिसतो. पहिल्या वर्षी घसारा आणि व्याज मिळून खर्च ३१.१३ लाख, खिशातून गेलेलं भाडं मात्र २४ लाख. सहाव्या वर्षी उलट: खर्च २२.५१ लाख, भाडं २७.६ लाख. नवी दुकानं झपाट्याने उघडणाऱ्या कंपनीचा नफा म्हणूनच सुरुवातीच्या वर्षांत दबलेला दिसतो. एकूण बेरीज मात्र बदलत नाही. सहा वर्षांचा घसारा १२० लाख, व्याज ४३.५५ लाख, त्यातून अनामतीवर दरवर्षी दाखवलेलं मिळून ५.२३ लाख व्याज-उत्पन्न वजा केलं की १५८.३२ लाख उरतात. भाडं १५४.८ आणि सुरुवातीचा खर्च ३.५२ यांची बेरीज तितकीच आहे. आपलं कोष्टक बरोबर आहे का, हे ताडून बघायची ही सर्वांत सोपी रीत.

आता पुन्हा मुदतीकडे. आपण सहाऐवजी तीन वर्षं धरली असती, तर दायित्व ५९.६८ लाख आलं असतं. नऊ धरली असती तर १५५.८१ लाख. तेच दुकान, तोच करार, तीच सही. व्याजाचा दर १० चा १२ टक्के केला तर दायित्व १११.२५ वरून १०४.८३ लाखांवर येतं. मुदतीच्या फरकापुढे हे किरकोळ आहे. कर्ज कमी दिसावं असं वाटणाऱ्या व्यवस्थापनाला सर्वांत मोठा मोह मुदत छोटी धरण्याचाच होतो. तो पकडायचा कसा? सजावटीचा घसारा बघा. भाडेपट्ट्याची मुदत तीन वर्षं लिहिली आहे आणि त्याच दुकानातल्या न हलवता येणाऱ्या फर्निचरचं आयुष्य नऊ वर्षं धरलं आहे, तर दोन्हीपैकी एक चूक असण्याचीच शक्यता जास्त. आंतरराष्ट्रीय मानकांचा अर्थ लावणाऱ्या समितीने नोव्हेंबर २०१९ मध्ये या विसंगतीकडे स्पष्ट बोट दाखवलं होतं.

अकरा महिन्यांच्या करारांचंही तेच. बारा महिन्यांपर्यंतच्या भाडेपट्ट्याला या नोंदीतून सूट घेता येते. पण नूतनीकरणाचा हक्क भाडेकरूच्या हातात असेल आणि तो वापरणार हे परिस्थितीवरून दिसत असेल, तर कागदावरचे अकरा महिने कंपनीला वाचवत नाहीत.

मुदतीचा अंदाज एकदा केला की तो दगडावरची रेघही नाही. पाचव्या वर्षी कंपनीने त्याच दुकानावर पुन्हा मोठा खर्च केला, तर नऊ वर्षांपर्यंत राहण्याची खात्री निर्माण होते; मग नवी मुदत, त्या दिवशीचा नवा दर आणि दायित्वाचा नवा आकडा, आणि तेवढाच फेरफार वापरहक्कात. अंदाज आखडला तर उलट घडतं, आणि तेव्हा नफाही दिसू शकतो, कारण सुरुवातीच्या वर्षांत दायित्व वापरहक्कापेक्षा हळू उतरतं. आपल्याच दुकानात तिसऱ्या वर्षाच्या शेवटी वापरहक्क ६० लाखांवर आलेला असतो आणि दायित्व ६८.६४ लाख असतं; कंपनी तेव्हा दंड न भरता दुकान सोडून गेली तर दोन्ही आकडे पुसले जातात आणि ८.६४ लाखांचा फरक नफ्यात येतो, एक रुपयाही हातात न येता. मार्च २०२४ च्या तिमाहीत ट्रेंट कंपनीने भाडेपट्ट्यांच्या अंदाजांचा असाच फेरविचार केला, आणि तिच्या नफ्यात ५०० कोटींहून जास्त रकमेची अपवादात्मक भर दाखवली गेली. ती रोख नव्हती.

साखळी दुकानांच्या कंपनीत पैसे गुंतवलेल्या वाचकाला म्हणून दोन गोष्टी सुचवतो. व्याज, घसारा आणि कर यांच्या आधीचा नफा बघताना त्यात दुकानांचं भाडं वजा झालेलं नाही हे लक्षात ठेवा. आपल्या उदाहरणात २४ लाख त्या ओळीच्या खाली व्याज आणि घसारा होऊन बसले आहेत, आणि रोख प्रवाह पत्रकातही ते कामकाजातून निघून वित्तपुरवठ्यात गेले आहेत. मग वार्षिक अहवालातली भाडेपट्ट्यांची टीप उघडा. वर्षभरात त्यापोटी प्रत्यक्ष किती रोख गेली हा आकडा तिथे द्यावाच लागतो, आणि येत्या वर्षांत किती द्यायचे आहेत याचं सवलत न लावलेलं कोष्टकही अहवालात असतं. कंपनीने मुदत कशी ठरवली याचा परिच्छेद तिथेच जवळपास सापडतो. तो आधी वाचा, ताळेबंदातला आकडा नंतर.