पंधरावरून चौदा

शल्यचिकित्सेच्या तोंडी परीक्षेत डोक्याला मार लागलेल्या पेशंटची केस हमखास येते. विद्यार्थी म्हणतो, "सर, याचा स्कोअर नऊ आहे." परीक्षक लगेच विचारतात, "कोणता नऊ?" आणि विद्यार्थी गप्प होतो.

हा स्कोअर म्हणजे ग्लासगो कोमा स्केल. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचे ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या दोन डॉक्टरांनी 1974 साली 'लॅन्सेट'मध्ये तो मांडला. त्याआधी केसपेपरवर 'अर्धवट शुद्धीत', 'गुंगीत' असं लिहिलं जायचं. संध्याकाळच्या डॉक्टरांची गुंगी आणि रात्रीच्या सिस्टरची गुंगी एकच आहे का, हे कळायला मार्ग नव्हता. या दोघांनी पेशंटला नाव देणं सोडलं आणि तो काय करतो तेवढंच लिहायला सांगितलं: डोळे कसे उघडतो, काय बोलतो, हातपाय कसे हलवतो.

डोळ्यांना जास्तीत जास्त 4 गुण. आपणहून उघडे असतील तर 4, हाक मारल्यावर उघडले तर 3, दुखावल्यावर उघडले तर 2, उघडलेच नाहीत तर 1. बोलण्याला 5. दिवस, जागा, माणसं नीट सांगितली तर 5, वाक्यं बोलतो पण गोंधळलेला असेल तर 4, सुटे शब्द आले तर 3, नुसतं कण्हला तर 2, काहीच नाही तर 1. हालचालीला 6. "हात वर करा" म्हटल्यावर केला तर 6. सांगितलेलं कळत नाही, पण भुवईच्या हाडावर दाबल्यावर हात गळ्याच्या हाडाच्या वर येऊन आपला हात बाजूला सारू पाहतो, त्याला 5. नुसता कोपर दुमडून हात मागे घेतला तर 4. हात विचित्रपणे आत वळून आखडला तर 3, ताठ लांब झाला तर 2, हललाच नाही तर 1. दोन हात वेगळं वागत असतील तर चांगल्या हाताचे गुण धरायचे, पण दुसरा लुळा पडतोय हे शेजारी लिहायचंच.

बेरीज जास्तीत जास्त 15, कमीत कमी 3. शून्य नाही. 13 ते 15 म्हणजे सौम्य इजा, 9 ते 12 मध्यम, 8 किंवा कमी म्हणजे गंभीर. आठच्या खाली आलेला पेशंट स्वतःचा श्वासमार्ग राखू शकेल याचा भरवसा नसतो, म्हणून तिथे श्वासनलिकेत नळी घालायचा निर्णय बहुधा घ्यावाच लागतो.

आता परीक्षकांचा प्रश्न. एक पेशंट दुखावल्यावर डोळे उघडतो, नुसता कण्हतो, आणि हात दाबणाऱ्या जागेपर्यंत आणतो: E2 V2 M5, बेरीज नऊ. दुसऱ्याचे डोळे सुजून मिटलेत म्हणून कोणी 1 दिला, जबडा मोडल्यामुळे तो नुसता कण्हतो म्हणून 2, पण सांगितलेलं सगळं करतो म्हणून 6. हाही नऊच! पहिल्याचा मेंदू संकटात आहे, दुसऱ्याचा बहुधा जागेवर आहे. म्हणून तिन्ही आकडे वेगवेगळे लिहायचे, आणि जे तपासताच आलं नाही तिथे 1 न लिहिता 'तपासता आले नाही' असं लिहायचं. भाषेचंही तसंच. छत्तीसगडहून आलेल्या मजुराला मराठीतला प्रश्न कळला नाही, तर तो गोंधळलेला ठरत नाही.

पण एका वेळचा आकडा म्हणजे एक फोटो. खरी गोष्ट एकापुढे एक मांडलेल्या आकड्यांत असते. समजा, चोवीस वर्षांचा मुलगा संध्याकाळी सातला मोटरसायकलवरून पडला. हेल्मेट नव्हतं, डाव्या कानाच्या वर मार बसला. दोन-तीन मिनिटं शुद्ध हरपली, मग उठून बसला. साडेसातला कॅज्युअल्टीत आला तेव्हा स्वतःचं नाव, गाव, आजचा वार नीट सांगत होता: 15. घरचे म्हणाले, "बरा दिसतोय की, घरी नेऊ का?" सिस्टरने दर अर्ध्या तासाने तपासायचं म्हणून थांबवून घेतलं.

साडेआठला त्याचं डोकं ठणकू लागलं. दोनदा उलटी झाली. "माझी गाडी कुठंय?" हे त्याने चौथ्यांदा विचारलं आणि सकाळ झाली का असंही विचारलं. डोळे 4, हालचाल 6, पण बोलणं 4: एकूण 14. पावणेदहाला तो दुखावल्यावरच डोळे उघडत होता, कण्हत होता, हात दाबापर्यंत आणत होता: 9. डावी बाहुली उजवीपेक्षा मोठी, बॅटरीच्या उजेडात जेमतेम आक्रसणारी. उजवा हात ढिला. नाडी 52, रक्तदाब 180/100.

आत काय घडलं? कानशिलाजवळचं हाड पातळ असतं, आणि त्याच्या आतल्या बाजूला मेंदूच्या आवरणाची एक रोहिणी खाचेतून जाते. हाड तडकलं, रोहिणी फाटली, आणि रक्त हाड व आवरण यांच्यामध्ये आवरण सोलवटत साठू लागलं. कवटी बंद डबा आहे. सुरुवातीला मेंदूभोवतीचं पाणी आणि शिरांतलं रक्त बाहेर सरकून गुठळीला जागा करून देतात, म्हणून मुलगा तासभर शहाण्यासारखा बोलतो. ती जागा संपली की दाब झपाट्याने चढतो आणि मेंदूचा भाग खाली सरकून डोळ्याच्या मज्जातंतूवर दाब देतो, म्हणून मार लागलेल्याच बाजूची बाहुली मोठी होते. रक्तदाब चढणं, नाडी मंदावणं आणि श्वास बिघडणं ही कुशिंगची त्रयी तर शेवटाकडची खूण आहे.

पावणेदहाला बाहुली मोठी झाल्यावर धावाधाव सगळेच करतात. पण या केसमधला महत्त्वाचा क्षण साडेआठचा. पंधरावरून चौदा, आणि दोन उलट्या. ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या मार्गदर्शिकेप्रमाणे एकाहून अधिक उलट्या झाल्या किंवा मार लागून दोन तासांनीही पूर्ण 15 आले नाहीत, तर तासाभरात सीटी स्कॅन करायचा. फेफरं येणं, एका बाजूचे हातपाय लुळे पडणं, डोळ्यांभोवती काळी वर्तुळं, कानामागे जखमेशिवाय निळा डाग, नाकाकानातून पाणी येणं, यांसाठीही तेच. नाकाकानातून पाणी येत असेल तर कवटीचा तळ तडकल्याचा संशय धरायचा आणि नाकातून नळी घालायची नाही. साडेआठला स्कॅन झाला असता तर भिंगासारखी फुगीर पांढरी गुठळी वेळीच दिसली असती आणि कवटी उघडून ती काढायला हातात वेळ उरला असता.

इथेच चूक होते. "दारू प्यायलाय, झोपू द्या" असं म्हणून चौदाचा तेरा दुर्लक्षिला जातो. दारूचा वास आला तरी घसरलेल्या आकड्याचं खापर स्कॅन स्वच्छ आल्याशिवाय दारूवर फोडायचं नाही. तसंच प्राणवायू आणि रक्तदाब कमी असतानाही स्कोअर घसरतो, म्हणून आधी श्वास आणि रक्तस्राव सावरायचा, मग आकडा पक्का धरायचा. रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणाऱ्या आजी-आजोबांना 15 गुण असले तरी निर्धास्त राहता येत नाही. त्यांच्या आक्रसलेल्या मेंदूभोवती जागा जास्त, त्यामुळे गुठळी हळूहळू वाढते.

तर परीक्षकांना उत्तर असं द्यावं: "सर, E2 V2 M5, एकूण नऊ. दोन तासांपूर्वी पंधरा होते, आणि डावी बाहुली मोठी आहे." एवढ्या दोन वाक्यांनंतर ते "कोणता नऊ" विचारणार नाहीत. "पहिली हालचाल काय कराल?" असं विचारतील.