गट नंबर की किलोमीटरचा दगड?

पदविकेच्या मायक्रोप्रोसेसर विषयात एक प्रश्न वर्षानुवर्षे फिरून येतो: सेगमेंट रजिस्टर आणि ऑफसेट दिले आहेत, 8086 चा फिजिकल ॲड्रेस काढा. शिरूर-दौंडकडच्या मुलांना तो समजावण्यासाठी सातबाऱ्याचा दाखला चटकन सुचतो. नुसता गट नंबर 214 सांगून जमीन सापडत नाही, कारण तो नंबर न्हावऱ्यातही असू शकतो आणि चौफुल्याच्या आसपासच्या गावातही. गावाचे नाव जोडावेच लागते. गाव म्हणजे सेगमेंट, गट नंबर म्हणजे ऑफसेट. दाखला सोपा आहे, पण माझ्या मते तो अर्धाच खरा आहे, आणि उरलेल्या अर्ध्यामुळे पुढचे सगळे चुकीचे समजते. एक गट एकाच गावाचा असतो. 8086 मध्ये मात्र मेमरीतली एकच जागा हजारो सेगमेंटांच्या हद्दीत येते. त्यापेक्षा रस्ता डोळ्यांसमोर आणावा. शिरूरहून न्हावऱ्यावरून चौफुल्याला जाताना वाटेतले एखादे झाड शिरूरपासून अमुक किलोमीटर म्हणून सांगता येते, तसेच न्हावऱ्यापासून तमुक म्हणूनही. दोन्ही पत्ते खरे, झाड एकच.

असे का, याचे उत्तर 1978 सालच्या त्या चिपच्या रचनेत आहे. तिची रजिस्टरे 16 बिटांची, म्हणजे एका रजिस्टरात फार तर 65,536 जागांचा पत्ता मावणार. ॲड्रेसच्या तारा मात्र 20, म्हणजे 10,48,576 जागा. वरचे चार बिट आणायचे कुठून? सेगमेंट रजिस्टरात चारच बिट ठेवून ते ऑफसेटपुढे चिकटवता आले असते. मग मेमरीच्या 64 केबीच्या सोळा बंद खोल्या झाल्या असत्या, आणि दोन-तीन केबीच्या प्रोग्रामला स्वतंत्र सेगमेंट द्यायचा तर अख्खी खोली अडली असती. इंटेलने 16 बिटांचा सेगमेंट चार बिट डावीकडे सरकवून त्यात ऑफसेट मिळवला. त्यामुळे सेगमेंट दर 16 बाइटला सुरू होऊ शकतो आणि दोन प्रोग्रामांच्या मध्ये फार तर 15 बाइट वाया जातात. पत्त्यांची गुंतागुंत ही या काटकसरीची किंमत आहे.

आता उदाहरण. DS मध्ये 2A5CH आहे, ऑफसेट 7F9EH.

```
DS x 10H  =  2A5C0H
ऑफसेट     =   7F9EH
बेरीज     =  3255EH
```

चूक होते ती दोन ठिकाणी. एक, 10H म्हणजे दहा नव्हे, सोळा. हेक्साडेसिमलमध्ये त्याने गुणणे म्हणजे उजवीकडे एक शून्य लिहिणे. दुसरी चूक हातच्यात. C आणि 9 म्हणजे 12 आणि 9, बेरीज 21. त्यातून सोळा वजा जाऊन 5 उरतात आणि हातचा 1. सवयीने दहा वजा करणारा इथेच घसरतो. पडताळा मात्र एका नजरेत होतो: सरकवलेल्या सेगमेंटच्या शेवटी नेहमी शून्य येते, म्हणून उत्तराचा शेवटचा अंक ऑफसेटच्या शेवटच्या अंकाएवढाच हवा. इथे दोन्हीकडे E. प्रश्नात ऑफसेट BP मधून आला असेल आणि सेगमेंट वेगळा सांगितला नसेल, तर DS नव्हे, SS घ्यायचा; बेरीज अचूक असूनही उत्तर चुकते ते बऱ्याचदा इथे.

माझा आग्रह आहे तो यापुढच्या एका ओळीचा: 2A5D:7F8E काढले तरी 3255EH, आणि 3255:000E काढले तरी तेच. सेगमेंट एकाने वाढवला आणि ऑफसेट सोळाने कमी केला की जागा हलत नाही. मेमरीतल्या बहुतेक जागांना असे 4,096 पत्ते आहेत. यावर कोणी म्हणेल, सूत्र आणि बेरजेला गुण मिळतात, जादा ओळीला कोण देतो? बरोबर आहे. पण ‘या सेगमेंटची हद्द सांगा’ किंवा ‘सेगमेंट एकमेकांवर कसे येतात’ असा पुढचा प्रश्न आला, तर सातबारा मनात धरलेला विद्यार्थी अडतो. 2A5C चा सेगमेंट 2A5C0H पासून 3A5BFH पर्यंत जातो, आणि 2A5D चा त्याच्यापुढे अवघ्या 16 बाइटवर सुरू होतो, हे त्याच्या चित्रात बसत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा: ही चिप म्हातारी, हवी कशाला? कारण तिच्या या बेरजेचा माग पुढच्या संगणकांतही राहिला. FFFF:0010 काढून पाहा. बेरीज 100000H येते, एकविसावा बिट लागतो, आणि 8086 ला तेवढी तारच नाही. तो बिट गळतो आणि पत्ता थेट 00000H वर येतो. काही जुने प्रोग्राम या गळतीवर विसंबून होते. पुढे 80286 मध्ये तारा 24 झाल्या आणि बिट गळेनासा झाला. म्हणून आयबीएमने 1984 च्या ‘एटी’ संगणकात एकविसावी तार, A20, मुद्दाम बंद ठेवण्याची सोय केली, आणि तिचे बटण दिले कीबोर्ड सांभाळणाऱ्या चिपच्या एका मोकळ्या पिनेकडे.