'पिशवी' की 'गर्भाशय'? : एका सूचनेच्या भाषांतराचा विचार

बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली गेल्याचे २०१९ मध्ये चव्हाट्यावर आले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या पाहणीत सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींवर ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. अशा शस्त्रक्रियेआधी रुग्णाला द्यायची सूचना मूळ इंग्रजीत असते. तिचे मराठी वाचणार ती स्त्री, तिचा नवरा, गावातली आशाताई, डॉक्टर आणि वेळ आल्यास न्यायालयही. मग शब्द कोणाचे घ्यायचे?

'हिस्टरेक्टॉमी'ला कोशाच्या वळणाचा प्रतिशब्द 'गर्भाशयोच्छेदन'. तो अचूक आहे, पण ज्या बाईच्या अंगावर शस्त्र चालणार तिला तो कळत नाही. यातला 'गर्भाशय' पुष्कळांच्या कानावरून गेलेला असतो. अडते ते 'उच्छेदन'. म्हणजे शब्द संस्कृत आहे एवढ्याने तो अवघड ठरत नाही. तो वाचकाच्या कानावर आला आहे का, हे पाहावे लागते.

बोलीत म्हणतात, 'पिशवी काढली'. हे सर्वांना कळते, परंतु पित्ताचीही पिशवी असते आणि लघवीचीही. शिवाय 'पिशवी काढली' म्हटल्याने अंडाशये ठेवली की तीही काढली, हे समजत नाही. पाळी जाण्याच्या वयाआधी दोन्ही अंडाशये काढली, तर शरीरात बनणारे स्त्रीसंप्रेरक एकाएकी घटते आणि हाडे ठिसूळ होण्याचा धोका वाढतो. नेमकी हीच बाब त्या सोप्या शब्दाआड दडून राहते.

अंडाशयाला मात्र तितका रुळलेला घरगुती शब्द नाही. 'ग्रंथी'चे सोपे रूप म्हणून 'गाठी' लिहावे, तर वाचणारीला रोगाची गाठ वाटेल आणि ती काढायला ती आनंदाने होकार देईल. येथे 'अंडाशय'च ठेवून त्याचे काम सांगणे बरे. 'रजोनिवृत्ती'च्या जागी 'पाळी कायमची बंद होणे' चालते, कारण त्याने सूचनेतला अर्थ कमी होत नाही.

तेव्हा सूचना अशी लिहिता येईल : 'या ऑपरेशनमध्ये तुमची गर्भाची पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढले जाईल. त्यानंतर पाळी येणार नाही आणि मूल होणार नाही. पिशवीच्या दोन्ही बाजूंना स्त्रीबीज तयार करणारी अंडाशये असतात. ती काढणार / ठेवणार (एकावर खूण करावी).'

असे भाषांतर उतरले की नाही, हे 'समजले का?' विचारून कळत नाही. त्यावर मान हलतेच. वाचून झाल्यावर 'काय काढणार, काय राहणार, पुढे काय होणार?' हे तिला तिच्या शब्दांत सांगू द्यावे. उत्तर नुसते 'पिशवी' असे आले, तर मसुदा पुन्हा लिहायला घ्यावा.