लाल बदामामागचं न दिसणारं अक्षर

मोबाइलवर आपण लाल बदाम पाठवतो, तेव्हा एक नाही, दोन संकेत रवाना होतात. पहिला बदामाचा. दुसऱ्याला स्वतःचं रूपच नाही. तो फक्त आधीच्या चिन्हाला रंगीत दाखवा, एवढंच सांगतो.

```
U+2764 U+FE0F
```

ही सोय करावी लागली, कारण बदाम इमोजीपेक्षा जुना आहे. हर्मन झाफ यांच्या छपाईच्या चिन्हसंचातून तो आधीच युनिकोडमध्ये आला होता, अक्षरासारखा एकरंगी. २०१०मध्ये जपानी मोबाइलमधले इमोजी युनिकोडमध्ये घेताना त्यांच्यातल्या लाल बदामाला हाच जुना क्रमांक मिळाला. एका क्रमांकाची दोन रूपं झाली, म्हणून २०१२पासून निवडीचे संकेत ठरले: FE0F म्हणजे रंगीत, FE0E म्हणजे साधं. काहीच जोडलं नाही, तर युनिकोडने त्या चिन्हाचं मूळ रूप ठरवून दिलेलं आहे. बदामाचं मूळ रूप साधं. पण हे सगळं विनंतीच्या पातळीवर चालतं. फोन किंवा ॲप ती मानेलच असं नाही.

याचा फटका बसतो तो वेबपानं बनवणाऱ्यांना. तळटीप वाचून पुन्हा मजकुरात जाण्यासाठी ↩︎ हा बाण देण्याची पद्धत आहे. संगणकावर तो नीट, बारीक दिसतो. तेच पान आयफोनवर उघडलं की गंभीर लेखाखाली निळ्या चौकोनातला इमोजी येऊन बसतो. लेखकाने काही चुकीचं लिहिलेलं नसतं, साधं रूप हवं हे सांगायचं तेवढं राहिलेलं असतं. बाणाला लागूनच FE0E टाकला की काम होतं:

```
&#x21A9;&#xFE0E;
```

मध्ये एखादी मोकळी जागाही चालत नाही, कारण संकेत फक्त आपल्या लगेच आधीच्या चिन्हाला लागू होतो.

दुसरी अडचण शोधताना येते. साधा आणि संकेतासह असे दोन बदाम पडद्यावर कधीकधी हुबेहूब सारखे दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे. एक शोधला की दुसरा सापडेलच असं नाही. संशय आला तर पायथॉनमध्ये लांबी मोजावी:

```
>>> len("\u2764")
1
>>> len("\u2764\uFE0F")
2
```

आणि हे संकेत कुठल्याही अक्षराला चालत नाहीत. कोणत्या चिन्हांना ही दोन रूपं आहेत, याची यादी युनिकोड प्रसिद्ध करतं. आपल्या देवनागरी ॐ (U+0950) चं नाव त्यात नाही, त्यामुळे त्याच्यापुढे FE0F लावून काही होत नाही. जांभळ्या चौकोनात दिसणाऱ्या ओमला स्वतंत्र क्रमांक आहे, U+1F549, आणि तो यादीत आहे. गंमत म्हणजे त्याचंही मूळ रूप साधंच ठरवलेलं आहे. रंग हवा तर त्यालाही FE0F लागतो.