घशातला काटा आणि पावाचा घास

तारली खाताना काटा टोचला की घरातलं कुणीतरी हमखास सांगतं, "पावाचा कोरडा घास गीळ, जाईल खाली." हा सल्ला ऐकू नका. बारीक काटा बहुतेकदा टॉन्सिलमध्ये किंवा जिभेच्या मुळाशी रुततो. तिथे तो डॉक्टरांना अनेकदा दिव्याच्या उजेडात दिसतो आणि चिमट्याने निघतो. पावाच्या दाबाने मात्र तो आणखी खोल घुसू शकतो, किंवा अन्ननलिकेत उतरून तिथे भोक पाडू शकतो. शिवाय भूल द्यायची वेळ आली, तर भरलेलं पोट आडवं येतं. कधी काटा गेलेला असतो, नुसता ओरखडा सलतो. पण दर घोटाला एकाच जागी टोचत असेल, तर तपासून घ्याच. छातीत दुखत असेल, ताप आला किंवा लाळही गिळता येईना, तर थेट रुग्णालय गाठा.