कुत्र्याला कोण खाऊ घालतं?

शेतातल्या ठिबकच्या कंट्रोलरमध्ये मी एकदा अर्धवट वॉचडॉग बसवला होता. रात्री मोटर सुरू झाली, ती पहाटेपर्यंत थांबलीच नाही. काकांचा फोन आला, "अरे, तुझी पेटी झोपली का? वाफ्यात तळं झालंय." पेटी झोपली नव्हती, अडकली होती. मातीतला ओलावा मोजणाऱ्या सेन्सरने आय-टू-सी बसची डेटा वायर खाली ओढून धरली होती आणि मायक्रोकंट्रोलर उत्तराची वाट पाहत एका लूपमध्ये फिरत होता. आर्डुइनोच्या जुन्या वायर लायब्ररीत या वाट पाहण्याला मर्यादाच नव्हती. रिलेचा पिन चालू राहिला, म्हणून मोटरही.

वॉचडॉग म्हणजे उलटा मोजणारा टायमर. तो शून्यावर येण्याआधी प्रोग्रामने त्याला परत भरायचं, म्हणजे आमच्या भाषेत फीड करायचं. विसरलं तर तो चिप रिसेट करतो. एटीमेगा३२८पीमध्ये तो स्वतःच्या वेगळ्या ऑसिलेटरवर चालतो आणि साधारण १६ मिलिसेकंदांपासून ८ सेकंदांपर्यंतची मुदत देतो. हा ऑसिलेटर काटेकोर नाही, तापमान आणि व्होल्टेजनुसार सरकतो. माझी सर्वांत लांब फेरी दीड सेकंदाची, म्हणून मी ४ सेकंद घेतले.

मग तो त्या रात्री का ओरडला नाही? कारण मी फीड टायमरच्या इंटरप्टमध्ये ठेवलं होतं. मुख्य लूप अडकला तरी इंटरप्ट चालूच राहतो. मालक विहिरीत पडलाय आणि शेजारी कुत्र्याला वेळेवर भाकरी टाकतोय, असा तो प्रकार. आता प्रत्येक काम पूर्ण झालं की आपली खूण लावतं आणि सगळ्या खुणा असतील तरच, एकाच ठिकाणी:

```c
if (done == (READ_OK | VALVE_OK)) {
  wdt_reset();
  done = 0;
}
```

एवढ्यावरही भागलं नाही. चिप रिसेट होते, सेन्सर नाही, त्याचा वीजपुरवठा तसाच असतो. तो डेटा वायर धरूनच बसला, तर नवी सुरुवातही तिथेच अडते आणि रिसेटचं रहाटगाडगं सुरू होतं. म्हणून सुरुवातीलाच डेटा वायर खाली दिसली तर क्लॉकच्या वायरवर नऊ ठोके द्यायचे. सेन्सर आपलं अर्धं राहिलेलं बाइट संपवून वायर सोडतो. तरीही न सोडल्यास त्याचा पुरवठाच कापता यावा, म्हणून मी एक ट्रान्झिस्टर घातला.

या चिपची आणखी एक खोड आहे. वॉचडॉगने रिसेट झाल्यावर तो बंद होत नाही, सर्वांत कमी मुदतीवर म्हणजे १६ मिलिसेकंदांवर चालूच राहतो. त्यामुळे पहिलं काम हेच:

```c
uint8_t cause = MCUSR;
MCUSR = 0;
wdt_disable();
```

क्रम महत्त्वाचा. `WDRF` बिट पुसल्याशिवाय वॉचडॉग बंद होतच नाही. काही जुन्या बूटलोडरना ही खोड ठाऊक नव्हती, आणि अशा बोर्डावर रिसेटनंतर दिवा नुसता फडफडत राहतो.

`cause` मध्ये `WDRF` दिसला की मी ईईप्रॉममधला आकडा एकाने वाढवतो. मोटरच्या स्टार्टरजवळून जाणारी सेन्सरची वायर दूर ओढल्यानंतर तो आकडा वाढायचा थांबला.